मॅनिफोल्ड प्लंबिंग, सव्वा वर्षानंतर: कानबाई पार पडली, पण सात नंबरचा व्हॉल्व्ह…

कानबाईच्या रविवारी घरात तीस-बत्तीस माणसं. भाऊबंद सगळे आलेले, चुलीवर पुरण आणि बाहेरच्या संडासात कुणाच्या तरी पोराने जेटची होज ओढली. होजचा प्लास्टिकचा नट तडकला, पाणी थेट दारापर्यंत. आई आतून ओरडली, "काय व्हयनं रे भाऊ?" मी पॅसेजमधल्या पेटीचं दार उघडलं, सात नंबरचा व्हॉल्व्ह आडवा केला आणि धार थांबली. स्वयंपाकघरातला नळ, दोन्ही बाथरूम, मोरी, सगळं चालूच राहिलं. पंगतीला बसलेल्या निम्म्या लोकांना काही झालं हे कळलंसुद्धा नाही.

धुळ्याच्या दादाकडे दोन वर्षांपूर्वी गणपतीत असंच झालं होतं, फक्त त्याच्याकडे पारंपरिक टी मारलेली लाइन. एक जाड पाइप घरभर फिरवलेला, जिथे नळ तिथे टी. त्यात गळती भिंतीतली. टाकीचा मेन कॉक बंद करण्यावाचून इलाज नव्हता, म्हणजे अख्खं घर कोरडं. ओल दिसली बेसिनखाली, पण पाणी प्लास्टरमागून उतरत येतं, त्यामुळे तिसऱ्यांदा टाइल फोडली तेव्हा कुठे सांधा सापडला. नवं घर बांधताना मॅनिफोल्ड टाकायचं माझ्या डोक्यात बसलं ते त्या टाइल्स बघूनच.

बाकी बऱ्याच जणांना हे माहीत असेल, म्हणून थोडक्यात. पॅसेजच्या भिंतीत पितळी मॅनिफोल्ड, गार पाण्याचे आठ आणि गरमचे चार फाटे. प्रत्येक फाट्याला छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि तिथून बाहेरून १६ आणि आतून १२ मिलिमीटरचा कंपोझिट पाइप एकसंध थेट त्या त्या नळापर्यंत. भिंतीच्या आत एकही सांधा नाही. पाइप सुमारे ११० मीटर लागला. टी पद्धतीने पन्नासच्या आत भागलं असतं. गेल्या वर्षी आखाजीला राहायला आलो, म्हणजे आता सव्वा वर्ष होऊन गेलं.

पहिले सहा महिने मी या पद्धतीला शिव्याच घालत होतो, कारण शॉवर. आमच्याकडे नळ रोज येत नाही, सगळा कारभार गच्चीवरच्या टाकीवर, आणि प्रेशर पंप बसवायला माझा जीव होत नाही. टाकीतलं पाणी शॉवरच्या डोक्यापासून साधारण २.७ मीटर उंच. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर धरलं तर माझ्या वाट्याला पाव किलोच्या आसपास. तेवढ्यातही एकटा शॉवर ठीक चालायचा. पण बायकोने मोरीतला नळ उघडला रे उघडला की डोक्यावर नुसती रिपरिप. विकताना सांगितलं होतं की प्रत्येकाला स्वतंत्र लाइन, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला त्रास नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो की ही जाहिरातबाजी आहे, १२ मिलिमीटरच्या बारीक नळीत पाणी येणार तरी कसं.

इथे माझं मत बदललं आणि ते कबूल करतो. दादाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो दिवाळीत आला आणि त्याने आधी हेच विचारलं, की मॅनिफोल्डपर्यंत पाणी कोणत्या पाइपातून येतं? पाऊण इंची. टाकीपासून मॅनिफोल्डपर्यंत सात मीटर आणि वळणांचा अडथळा धरून बारा मीटरच्या बरोबरीचा. त्याने वहीवर हिशोब मांडला. मोरी पेटीच्या अगदी जवळ, तिचा नळ खाली, म्हणून तो मिनिटाला पंधरा लिटर सहज ओढतो. शॉवरचे सहा. असे एकवीस लिटर पाऊण इंचीतून जाताना घर्षणातच दीड-पावणेदोन मीटर उंची खाल्ली जाते. शॉवरकडे होते २.७, उरला एक मीटर. तोच पाइप एक इंची असता तर नुकसान अर्ध्या मीटरच्याही आत आलं असतं.

म्हणजे प्रत्येक नळाला स्वतंत्र लाइन खरी, पण ती पेटीपासून पुढे. पेटीच्या मागे सगळे एकाच नळीवर, आणि ती नळी बारीक असेल तर टी पद्धतीचाच जुना रोग पेटीआड लपतो. प्लंबरने पाऊण इंची का टाकली, याचं त्याचं उत्तर: "सगळीकडे तीच टाकतो, व्हई जाई भाऊ." गच्चीवरून येणारा तो तुकडा सगळा उघड्यावरच होता, त्यामुळे तोडफोड न करता एका दुपारी एक इंची झाला. आता मोरीचा नळ सोडला तर शॉवर थोडा मंदावतो, रिपरिप होत नाही. सहा महिने उगाच शिव्या घातल्या. (एक जपायचं: कंपोझिट पाइप उन्हात उघडा ठेवायचा नाही. आमच्याकडच्या उन्हात तर नाहीच. गच्चीवरचा भाग सीपीव्हीसीचा ठेवून त्यावर रंग मारला आहे.)

तर मग सात नंबर. कानबाईला धार थांबली म्हणालो, ते खरं. पण पूर्ण थांबली नाही. तुटलेल्या होजमधून सेकंदाला एक थेंब पडतच राहिला. खाली बादली ठेवली, सकाळी तिच्यात दोनेक लिटर पाणी. ते तुळशीला आणि जास्वंदीला घातलं, वाया गेलं नाही. पण माझं डोकं फिरलं, कारण या पद्धतीत मी पैसे मोजले ते नेमके या व्हॉल्व्हसाठी. भिंतीतल्या पाइपाला भोक पडलं असतं तर तोच थेंब रात्रंदिवस भिंतीत मुरत बसला असता.

कारण सापडलं ते आमच्या पाण्यात. टाकीत बोअरचं पाणी असतं, इतकं जड की भगोण्याच्या तळाला पांढरा थर येतो. व्हॉल्व्ह सव्वा वर्ष एकदाही न हलवता उघडा. आतल्या पितळी गोळ्यावर आणि त्याला दाबून धरणाऱ्या मऊ कड्याच्या फटीत क्षार बसतात. मग अचानक फिरवला की ते कण त्या मऊ कड्यावरच खरवडतात, चरा पडतो आणि त्यातून थेंब सुटतो. सोमवारी विसर्जन झाल्यावर मी सगळे बारा एकेक करून तपासले. नळ उघडा ठेवायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, पाच मिनिटं नळाखाली कोरडा कागद धरायचा. गारच्या आठपैकी सातवा आणि तिसरा गळणारे. गरमचे चारही कडक, कारण पाणी तापलं की क्षार जास्त सुटतात. दहा नंबरची प्लास्टिकची मूठ तर माझ्या हातातच आली. आता तो पान्याने फिरतो.

तीन नंबर पाणी सोडून तीस-चाळीस वेळा उघड-मीट केल्यावर कोरडा झाला, म्हणजे नुसता क्षार होता. सातवा नाही झाला. तो काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, वरचा थर गेला, पण चरा राहिला. बदलावाच लागणार. आणि व्हॉल्व्ह काढायला टाकीचा मेन कॉक बंदच करावा लागला, हीही गंमत बघा.

दुकानदाराने किंवा प्लंबरने एका शब्दाने सांगितलं असतं की महिन्यातून एकदा सगळे फिरवा, तर एवढं झालं नसतं. आता आमच्याकडे अमावस्येला दाराला लिंबू-मिरची बांधून झाली की पेटी उघडायची, प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा पूर्ण बंद, पूर्ण उघडा. अर्धवट ठेवायचा नाही, अर्धवटात कडा लवकर झिजतात. चार मिनिटांचं काम. चिठ्ठ्याही नव्याने लावल्या, कारण प्लंबरने मार्करने लिहिलेलं पुसट झालं होतं आणि दोन नावं उलटी होती. त्यासाठी मी पेटीपाशी उभा, पोरं घरभर नळांपाशी. "बेसिन बंद झालं का?" "नाही बाबा, आजीचा गीझर बंद झाला!"

एक कबुली माझ्या कंजूषपणाची. पेटीत व्हॉल्व्ह आहेतच, म्हणून मी नळांपाशी अँगल कॉक टाकलेच नाहीत. नऊ कॉकांचे पैसे वाचले म्हणून खूश होतो. जेटपाशी एक साधा कॉक असता तर कानबाईला पेटीपर्यंत पळावंही लागलं नसतं. ज्याला फक्त नळ, जेट, फ्लश टाकी यांचीच धास्ती आहे, त्याला टी पद्धत आणि चांगले अँगल कॉक पुरतात. मॅनिफोल्डचा खरा फायदा भिंतीत सांधा नसणं हा.

गरम पाण्याचं मात्र मनापासून आवडलं. गीझरपासून लांबच्या बाथरूमला बारा मीटर. बारीक नळीत तेवढ्या अंतरात १.३५ लिटर गार पाणी साठतं, तेवढं सोडलं की गरम आलं. पाऊण इंची लाइनीत तीनेक लिटर सोडावे लागले असते. पण टीच्या लाइनीत एकदा गरम पाणी आलं की शेजारच्या बेसिनलाही मिळतं. इथे बेसिनची लाइन वेगळी, तिथे पुन्हा नव्याने सोडा. आमच्याकडे बेसिनला गरम कोणी वापरत नाही, म्हणून मला परवडलं.

टीच्या बाजूने आणखी एकच, पण मोठं. सीपीव्हीसी फुटला तर गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात कपलर आणि सोल्युशन मिळतं, प्लंबर अर्ध्या तासात जोडतो, सुकायला काही तास द्यायचे. माझा सात नंबरचा व्हॉल्व्ह अमळनेरात तीन दुकानांत मिळाला नाही. मॅनिफोल्ड ज्या कंपनीचं तिचाच आटा लागतो. जळगावहून मागवला आहे, दुकानदार म्हणतो गुरुवारी येईल. तोपर्यंत मेन कॉक सोडलाय, सात नंबरच्या भोकात प्लग, आणि पाहुण्यांना घरातला संडास.

वर मजला चढवायचा विचार आहे. तिथे मी मिश्र करणार: बाथरूमच्या गटाला एक इंची लाइन नेऊन टी उघड्यावर, शाफ्टमध्ये, जिथे हात पोचतो. भिंतीत जाणारा पाइप मात्र एकसंध. आणि अँगल कॉक, सगळीकडे.