कल्हईवाल्या आबांचा आवाज: दोन मसुद्यांपैकी कोणते पत्र पाठवावे?

पुण्यात अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तीन विद्यार्थ्यांनी ६ मिनिटांची एक फिल्म करायला घेतली आहे. तिच्यात एक म्हातारा कल्हईवाला आहे, जो वाड्याच्या बोळात भाता मांडून बसतो आणि पातेले घेऊन आलेल्या लहान मुलीशी काम करता करता बोलतो. या आबांच्या आवाजासाठी रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ नटाला विचारायचे असे त्यांनी ठरवले आणि दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले पत्राचे दोन मसुदे माझ्याकडे आणून दिले. मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो. पुढे हा आवाज माझ्याच हेडफोनमध्ये यायचा असल्यामुळे मी दोन्ही पत्रे त्या कानाने वाचली.

पहिले पत्र दीड पानाचे आहे आणि त्यातले पानभर कौतुक आहे. ‘आपल्या अभिनयाने आम्ही भारावून गेलो आहोत’ असे त्यात दोनदा येते, पण कोणती भूमिका, कोणता प्रवेश, याचा पत्ता नाही. २१ वर्षांच्या मुलांनी हे प्रयोग नाट्यगृहात बसून पाहिलेले असणे शक्य नाही आणि ते त्या नटालाही कळते. दुसऱ्या पत्रात एवढेच आहे: ‘आपल्या एका नाटकाचे ध्वनिचित्रमुद्रण आम्ही पाहिले. त्यातील तिसऱ्या अंकात आपण मुलाला काही न बोलता नुसते हसता, ते हसणे ऐकून आम्हाला आमचे आबा सापडले.’ एका ओळीत पाहिल्याचा पुरावाही आला आणि विचारण्याचे कारणही आले. उलट पहिल्या पत्रातले ‘वृद्ध पात्रासाठी आपला आवाज अगदी योग्य वाटला’ हे वाक्य लिहिणाऱ्याला स्तुतीचे वाटले असेल. वाचणाऱ्याला ते वयाच्या दाखल्यासारखे लागेल.

खरा फरक मात्र कामाच्या स्वरूपात आहे. पहिले पत्र म्हणते, ‘फिल्म जवळजवळ तयार आहे, फक्त आवाजाची बाजू राहिली आहे, आपल्याला अभिनय करायचा नाही, केवळ माइकसमोर बोलायचे आहे.’ यातला उत्तरार्ध अपमानकारक आहे आणि पूर्वार्ध चुकीचा. चित्रे आधी काढून झाली असतील, तर नटाला आबांच्या ओठांमागे धावावे लागते. वाक्य कुठे तोडायचे, श्वास कुठे घ्यायचा, हे आधीच दुसऱ्याने ठरवलेले असते. आयुष्यभर प्रेक्षकांचा श्वास बघून विराम घेतलेल्या माणसाला हे डबिंग जाचक होते. प्रत्यक्षात या मुलांनी चित्रे काढायला अजून सुरुवातच केलेली नाही. त्यांच्याकडे कथाफलक आहे आणि वर्गातल्या मित्राने वाचलेला कच्चा आवाज आहे, ज्यावरून त्यांनी दृश्यांची लांबी बेतली आहे. दुसरे पत्र ही गोष्ट नेमकी सांगते: ‘आपण जसे बोलाल त्यावरून आम्ही आबांचे ओठ, मान आणि हात काढणार आहोत. लय आपण ठरवावी, चित्र मागून येईल.’

ही केवळ अदब नाही, त्यामागे हिशेब आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची असते आणि एक चित्र दोन फ्रेम धरले, तरी ४ सेकंदांच्या एका वाक्याला ४८ चित्रे लागतात. चित्रे झाल्यावर आवाज बदलला आणि नटाने मध्येच एक उसासा टाकला, की त्यातली बरीचशी पुन्हा काढावी लागतात. म्हणून आवाज आधी घेणे मुलांच्याच सोयीचे आहे, आणि योगायोगाने नटाच्याही.

किती काम आहे, याबद्दल पहिल्या पत्रात ‘आपला थोडासा वेळ’ आहे. दुसऱ्यात १८ वाक्ये, मिळून अडीच मिनिटांचे बोलणे, दीड-दीड तासाची २ सत्रे आणि दोन्ही सकाळी, असे स्पष्ट लिहिले आहे. एवढ्याशा बोलण्याला ३ तास कशाला, हा प्रश्न नटाला पडेलच. त्यामुळे प्रत्येक वाक्य तीन-चार प्रकारे घेऊ, मध्ये चहाची सुटी असेल, हेही तिथेच सांगितलेले बरे. इथे दुसऱ्या मसुद्यातही एक गोष्ट राहून गेली होती, ती मी घालायला लावली. आबा भाता ओढतात, त्यांना धाप लागते, नवसागराचा धूर नाकात गेल्यावर ते खोकतात. संहितेत हे कंसातले दोन शब्द असतात, पण असा खोटा खोकला चार वेळा काढला की उतारवयातला घसा त्या दिवसापुरता बसतो. म्हणून पत्रातच लिहावे की धाप आणि खोकला दुसऱ्या सत्राच्या शेवटी घेऊ, आणि नको वाटल्यास ते दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ.

संहिता सोबत पाठवावी की होकार आल्यावर, यावर तिघांचे एकमत नव्हते. माझ्या मते सोबतच पाठवावी, कारण नट भूमिका वाचून हो म्हणतो, विनंती वाचून नव्हे. अक्षर १८ पॉइंटचे असावे, कागद एका बाजूला छापलेले आणि सुटे असावेत, आणि कोणतेही वाक्य पान उलटून पुढे जाऊ नये. पान उलटल्याची सळसळ माइक अचूक टिपतो. मुलीची वाक्ये समोर बसून कोणीतरी वाचेल, असे आश्वासनही द्यावे. रंगमंचावर समोर सहकलाकार असतो. बंद खोलीत एकट्याने भिंतीशी बोलताना कसलेला नटही आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकू लागतो, आणि वीतभर अंतरावरच्या माइकला ते सोसत नाही. समोर माणूस असला की आवाज आपोआप त्या माणसापुरता होतो. हे शेवटचे कारण पत्रात लिहू नये, ते आपल्यापाशी ठेवावे.

पैशाच्या बाबतीत पहिले पत्र ‘यथाशक्ती मानधन’ म्हणून मोकळे होते. दर प्रयोगाला नाइट ठरवून काम केलेल्या माणसाला हा शब्द पुरता ओळखीचा असतो, आणि त्याचा अर्थ बहुधा शाल-श्रीफळ असा निघतो. दुसऱ्या पत्रात ५,००० रुपये, जाण्यायेण्याची गाडी वेगळी, रक्कम दुसऱ्या सत्राच्या दिवशीच, असे आहे. रक्कम लहान आहे, पण ती वाचून माणूस निर्णय घेऊ शकतो. शिवाय फिल्म परीक्षेला आणि महोत्सवांना जाईल, इंटरनेटवर टाकण्यापूर्वी पुन्हा विचारू आणि हा आवाज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरणार नाही, हे एका वाक्यात नोंदवले आहे. पहिल्या पत्रात याचा उल्लेखच नाही.

तेव्हा पाठवायचे ते दुसरेच पत्र, मात्र पहिल्यातली एक ओळ त्यात उचलून घ्यावी. ती लिहिणाऱ्या मुलीने शेवटी, जवळजवळ चुकून, लिहिले आहे: ‘माझे आजोबा कल्हई करायचे, त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही.’ पानभर विशेषणांच्या खाली ती दबली होती. दुसऱ्या पत्रात ती हसण्याच्या वाक्यानंतर लगेच येऊ द्यावी आणि तिच्यापुढे काहीही जोडू नये, तिथून सरळ १८ वाक्यांवर यावे.

पत्र छापील चालेल, सह्या तिघांच्या हाताच्या असाव्यात, पण फोन नंबर एकाचाच द्यावा. ८-१० दिवसांनी त्यानेच एकदा फोन करावा आणि पहिल्या वाक्यात ‘पत्र मिळाले का?’ एवढेच विचारावे.