मेडिकलने एमआरपीपेक्षा जास्त घेतले: १९१५ ला फोन की औषध निरीक्षकाकडे अर्ज?

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. १५ गोळ्यांच्या पाकिटावर छापील किंमत १२० रुपये, म्हणजे गोळी ८ रुपयांना. आम्ही दहाच घेतल्या, तर बिल ९२ रुपये. सुट्या गोळ्यांनाही छापील किमतीच्या हिशेबापेक्षा जास्त घेता येत नाही, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात तसं स्पष्ट आहे. एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे 'वरून जीएसटी' ही सबबही चालत नाही.

मी दोन्ही वाटा वापरल्या. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन मराठीत झाला, तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांत दुकानदाराने १२ रुपये परत दिले. ज्याला फक्त आपले पैसे हवेत, त्याला हीच वाट सोपी. हेल्पलाइन समेट घडवते. दुकान तपासण्याचा अधिकार तिला नाही.

पुढच्या महिन्यात बिल पुन्हा ९२. इथेच माझं मन फिरलं. बिल आणि पाकीट शेजारी ठेवलं, तर बॅच नंबर वेगळे! दुकानाच्या संगणकात नव्या बॅचचा १३८ रुपये भाव चढवला होता आणि हातात जुना माल दिला जात होता. आईसारखी किती माणसं दर महिन्याला तिथूनच गोळ्या नेतात. माझे १२ रुपये परत आले, तरी त्यांच्या बिलात काहीच बदललं नव्हतं.

मग जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावाने साधा अर्ज दिला. सोबत बिलाची प्रत आणि पाकिटाचा फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मात्र मागून घ्यावा. औषध निरीक्षक दुकानाची खरेदी बिलं, विक्री बिलं आणि शिल्लक माल बॅचनुसार ताडून पाहू शकतो. एका ग्राहकाच्या तक्रारीतून सगळ्यांचा हिशेब निघतो तो असा. वेळ जास्त लागतो, आणि तुमची रक्कम परत मिळवून देणं हे त्यांचं काम नाही, हेही खरं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण नेहमीच्या औषधांसाठी मी तरी आधी हाच अर्ज करीन.

एक अडचण दोन्हीकडे येते. पाकीट कापताना किंमत आणि बॅच छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो, आणि मग बिल कशाशी ताडायचं? मी आता काउंटरवरच, पाकीट कापण्याआधी, छापील बाजूचा फोटो घेतो.