घरचं ब्रॉडबँड की फोनचा हॉटस्पॉट: माझं अडलं ते पत्त्यावर

घरून काम करायचंय, मग ब्रॉडबँडचं बिल कशाला, फोनच्या हॉटस्पॉटवर भागवू, असा विचार चालू असेल तर वेगाचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवा. ऐरोलीत माझ्या घरी दोन्हींचा वेग मला पुरत होता. दोन्ही वापरून झाल्यावर निवड ठरली ती आयपी अ‍ॅड्रेसच्या कटकटीमुळे.

आमचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या हिशेबाच्या सर्व्हरवर बाहेरून जायचं, तर तुम्ही ज्या पत्त्यावरून येता तो आधी त्यांच्या यादीत हवा. पहिल्या दिवशी मी हॉटस्पॉट लावला, ब्राउझरमध्ये `my ip` शोधलं आणि आलेला आकडा, समजा 198.51.100.24, सिस्टिम अ‍ॅडमिनला कळवला. सकाळ छान गेली. दुपारी फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि सर्व्हर उघडेचना. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून तरी आलं असतं. इथे नुसतं गोल गोल फिरून `Connection timed out`. पुन्हा पत्ता पाहिला, तर शेवटी 24 च्या जागी 91. पुन्हा अ‍ॅडमिनला फोन. तीन दिवस हेच.

तोवर माझी समजूत अशी की आयपी हा फोनचा किंवा लॅपटॉपचा नंबर. तो नंबर असतो जोडणीचा. इंटरनेट देणारी कंपनी स्वतःकडच्या साठ्यातून तो देते. त्यामुळे तोच लॅपटॉप, तीच खुर्ची, पण वायफायवर असलो की ब्रॉडबँडवाल्याच्या साठ्यातला पत्ता आणि हॉटस्पॉटवर मोबाइल कंपनीच्या. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मोबाइलवर आणखी एक भानगड आहे. फोनला आतल्या आत एक खासगी पत्ता मिळतो, आणि बाहेर पडताना अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर पडतात. कोणाचं उत्तर कोणाकडे परत पाठवायचं, हे कंपनी पोर्ट नंबरवरून ओळखते. असं वाटून घ्यावं लागतं, कारण जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागातला नेहमीचा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला. म्हणजे बाहेरच्याला दिसतं ते कंपनीचं गेट. गंमत म्हणजे ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये टॉवर बदलत जातात, पण पत्ता सहसा तोच राहतो, कारण तो टॉवर देत नाही, नेटवर्कच्या आतलं गेटवे देतं. एअरप्लेन मोड लावून काढला, की मात्र बरेचदा नवा.

चौथ्या दिवशी अ‍ॅडमिन म्हणाला, "सर, हा पत्ता यादीत ठेवला तर तुमच्याबरोबर त्याच गेटातून निघणारे सगळे अनोळखी लोक आपल्या लॉगिनच्या पानापर्यंत येणार. मी आता टाकणार नाही." माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

ब्रॉडबँड काही अगदी सोवळं नाही. तिथेही घरातल्या सगळ्यांचा मिळून बाहेरचा पत्ता एकच, राउटरचा, आणि वीज जाऊन राउटर पुन्हा चालू झाला की तोही बदलू शकतो. माझा मात्र आठवडेच्या आठवडे टिकायचा. शिवाय काही केबलवालेही मोबाइलसारखंच सामायिक गेट वापरतात. ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पानावर `WAN IP` पाहा आणि वायफायवरून `my ip` शोधून येणाऱ्या आयपीव्ही४ पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर पत्ता तुमचा. राउटरवरचा आकडा 100.64 ते 100.127 मधला असेल, तर तुम्ही सामायिक गेटामागे आहात. मी शेवटी दरमहा जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा, आयपी घेतला. खिशाला जरा लागतं, पण अ‍ॅडमिनला त्यानंतर फोन करावा लागलेला नाही.

तुमच्या ऑफिसचं व्हीपीएन असेल तर कदाचित ही सगळी चर्चा तुम्हाला लागू नाही. सर्व्हरला व्हीपीएनचा पत्ता दिसतो, हॉटस्पॉटवर खुशाल काम करा. फक्त वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारताना ते एखादवेळी तुटतं, कारण चालू जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असते आणि त्यातलं एक टोक बदललेलं असतं. वीज गेली की मीही हॉटस्पॉटच लावतो, पण मेलपुरता.

केबलवाल्याला पैसे देण्याआधी एक विचारून घ्या: स्टॅटिक म्हणजे पब्लिक स्टॅटिकच ना? आमच्या शेजाऱ्यांनी नुसतं "स्टॅटिक पाहिजे" म्हटलं, आणि त्यांना 10 ने सुरू होणारा खासगी पत्ता कायमचा मिळाला.