कमाल प्रवाह: वाट कोणती धरायची आणि उत्तर पटवायचे कसे

पाच-सहा नोडचे जाळे समोर असेल आणि त्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकतो हे काढायचे असेल, तर वाटा चार आहेत: सापडेल तो मार्ग भरत जाणे, दर वेळी सर्वांत कमी कडांचा मार्ग निवडणे, सगळे कट, म्हणजे उगम एकीकडे आणि शेवट दुसरीकडे ठेवणाऱ्या नोडच्या विभागण्या, मोजून त्यातला सर्वांत लहान घेणे, किंवा थेट संगणकाला विचारणे. या चौघांची तुलना वेगावर करू नये असे माझे मत आहे. एवढ्या छोट्या जाळ्यात वेग कोणाला हवा आहे? हाती आलेले उत्तर खरोखर कमाल आहे हे दुसऱ्याला दोन मिनिटांत दाखवता येते का, ही खरी कसोटी.

त्यासाठी एक जाळे घेऊ. उ हा उगम, श हा शेवट, मधले नोड अ, ब, क, ड. एकक तुम्हाला हवे ते माना, तासाला ट्रक किंवा सेकंदाला लिटर.

| कडा | क्षमता |
|---|---|
| उ→अ | १० |
| उ→ब | ८ |
| अ→क | ४ |
| अ→ड | ८ |
| ब→ड | ६ |
| ड→क | ३ |
| क→ब | २ |
| क→श | ९ |
| ड→श | ७ |

सापडेल तो मार्ग

ही फोर्ड आणि फल्कर्सन यांची मूळ रीत. उगमापासून शेवटापर्यंत जागा शिल्लक असलेला कुठलाही मार्ग घ्या, त्यातल्या सर्वांत अरुंद कडेत मावेल तेवढा प्रवाह सोडा, आणि पुन्हा शोधा. समजा, नजर पहिल्यांदा उ→अ→ड→क→श या मार्गावर गेली. ड→क वर ३ च मावतात, म्हणून ३. मग उ→अ→ड→श वर ५, कारण अ→ड वर तेवढीच जागा उरली आहे. उ→अ मध्ये आता २ शिल्लक, ते अ→क→श असे काढले. शेवटी उ→ब→ड→श वर २, आणि ड→श भरली. एकूण १२.

आता अडले. उ→अ भरली आहे. उ→ब मध्ये ६ आणि ब→ड मध्ये ४ जागा आहे, पण ड पासून पुढच्या दोन्ही कडा, ड→क आणि ड→श, काठोकाठ आहेत. सरळ पुढे जाणारा एकही मार्ग नाही. बहुतेक विद्यार्थी इथे पेन खाली ठेवतात आणि उत्तर १२ लिहितात.

उत्तर १२ नाही. अ→ड वरून सध्या ८ जात आहेत, त्यातले काही परत घेता येतात. ब कडून ड ला २ नवे आले, तर अ ने ड ला २ कमी पाठवायचे आणि ते क कडे वळवायचे. अ→क वर नेमकी २ जागा आहे. हिशोबात हे उ→ब→ड→अ→क→श असे दिसते, ज्यात ड→अ हा तुकडा अ→ड चा प्रवाह मागे घेण्याचा आहे. म्हणून प्रवाह असलेल्या प्रत्येक कडेवर, जेवढा प्रवाह जातो तेवढ्याच क्षमतेची उलटी कडा मनात धरायची. ती वगळली, तर ही रीत म्हणजे नुसता हावरेपणा, आणि हावरेपणा १२ वर थांबतो. धरली, तर १४ मिळतात.

या रीतीची दुसरी कमजोरी मार्गाच्या निवडीत आहे. चार नोडचे चौकोनी जाळे घ्या, बाहेरच्या चारही कडा १००० क्षमतेच्या, मधली आडवी कडा १ ची. दर वेळी त्या मधल्या कडेतून, कधी सरळ कधी उलट, जायचे ठरवले, तर २००० फेऱ्या लागतात. बाहेरून गेलात तर दोन. क्षमता अपरिमेय असतील, तर वाईट निवडीने ही रीत कधीच थांबणार नाही असेही होऊ शकते, शिवाय भलत्याच आकड्याकडे सरकू शकते. व्यवहारात ही भीती नको: क्षमता २.५ अशा असतील तर सगळ्यांना १० ने गुणा आणि पूर्णांकांत काम करा.

सर्वांत कमी कडांचा मार्ग

एडमंड्स आणि कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवले की दर फेरीला सर्वांत कमी कडांचा मार्ग घेतला, तर फेऱ्यांची संख्या क्षमतेच्या आकड्यांवर अवलंबून राहत नाही. ती फक्त नोड आणि कडा किती यावरून बांधली जाते. आपल्याच जाळ्यात बघा. तीन कडांचे मार्ग आधी: उ→अ→क→श वर ४, उ→अ→ड→श वर ६, उ→ब→ड→श वर १. तीन कडांचे मार्ग संपले. आता चार कडांचा उ→ब→ड→क→श, त्यावर ३. एकूण १४. चार फेऱ्या, आणि उलट्या कडेची गरजच पडली नाही.

शेवटचे तितके खरे, पण त्यावर विसंबू नका. कमी कडांचा मार्ग घेतला म्हणजे उलटी कडा कधीच लागणार नाही असा नियम नाही. इथे ती लागली नाही एवढेच. म्हणून उरलेल्या क्षमतेचे चित्र या रीतीतही ठेवायचे.

हाताने सोडवायचे असेल तर मी हीच रीत सुचवेन. तिचा जाच एकच: दर फेरीला पातळ्या नव्याने मोजाव्या लागतात, उगमापासून एका कडेवर कोण, दोन कडांवर कोण. सहा नोडना ते नजरेने होते. पंचवीस नोडना कागदावर होत नाही.

थांबल्यावर काय करायचे

दोन्ही रीतींचा शेवट सारखाच करायचा, आणि माझ्या लेखी सगळ्या खटाटोपाचे मोल इथे आहे. मार्ग सापडेना झाला की उगमापासून, उरलेली क्षमता आणि उलट्या कडा धरून, कुठवर पोचता येते ते बघा. आपल्या शेवटच्या स्थितीत उ→ब वर ८ पैकी ४ वापरले आहेत, म्हणजे ब ला पोचतो. ब→ड वर ६ पैकी ४, म्हणजे ड ला पोचतो. अ→ड वर ६ जात आहेत, म्हणून उलट्या कडेने ड वरून अ ला पोचतो. पुढे अ→क, ड→क, ड→श तिन्ही भरलेल्या. पोचलेले नोड उ, अ, ब, ड. न पोचलेले क आणि श. ही विभागणी म्हणजे किमान कट. ती ओलांडणाऱ्या कडांच्या क्षमता: ४ + ३ + ७ = १४.

उगमाकडच्या बाजूने जे काही शेवटाकडे जाईल, ते या तीन कडांतूनच जाणार, म्हणून कोणत्याही वाटपाने १४ च्या वर जाता येत नाही. आणि १४ जाणारे वाटप आपल्या हातात आहे. वाद संपला. तपासणाऱ्याला आपण कुठला मार्ग कधी घेतला हे कळायचीही गरज नाही. प्रत्येक मधल्या नोडवर आत येणारे आणि बाहेर जाणारे सारखे आहे का, कुठली कडा ओव्हरफ्लो होत नाही ना, आणि कटाची बेरीज जुळते का, एवढे बघून तो मोकळा.

चूक बहुधा क→ब सारख्या कडेवर होते. ती कट ओलांडते, पण शेवटाकडून उगमाकडे. तिची क्षमता मिळवली तर १६ येतात आणि प्रवाह १४, मग माणूस नसलेला मार्ग शोधत बसतो. त्याहून घातक म्हणजे वजा करणे: १४ − २ = १२. मघाशी अडलेला प्रवाह १२ च होता! म्हणजे एका चुकीचे उत्तर दुसऱ्या चुकीने 'सिद्ध' झाले. कटाच्या क्षमतेत फक्त पुढे जाणाऱ्या कडा धरायच्या. उलट येणारी कडा प्रवाहाच्या हिशोबात वजा होते, आणि प्रवाह कमाल असेल तर किमान कटावरच्या अशा कडेतून शून्यच जाते. आपल्या वाटपात क→ब वर शून्य आहे, हीसुद्धा एक तपासणी.

सगळे कट मोजणे

मधले नोड चार, म्हणजे उगमाच्या बाजूला कोण याचे १६ पर्याय. अर्ध्या तासात होतात. दहा मधल्या नोडना १०२४, विसांना दहा लाखांवर. शिवाय यातून फक्त आकडा मिळतो, वाटप मिळत नाही. आणि तपासणाऱ्याला सोळाच्या सोळा पुन्हा मोजावे लागतात. कमाल प्रवाह काढायला ही वाट मी घेणार नाही.

मात्र प्रश्न 'कुठली कडा रुंद करावी' असा असेल, तर याच यादीला तोड नाही. आपल्या यादीत १४ चा कट एकच आहे, आणि त्याच्या पाठोपाठ १६ चे दोन: उगमाच्या बाजूला फक्त उ आणि ब असलेला, आणि श ला एकटा पाडणारा. म्हणून ड→क ३ वरून ५ केली तर प्रवाह १६ होतो, पण ७ केली तरी १६ च राहतो. वरचा खर्च वाया. उ→अ बघा: ती १० पैकी १० भरलेली आहे, तरी किमान कटात नाही, म्हणून ती कितीही रुंद केली तरी १४ चे १५ होत नाहीत. भरलेली कडा दिसली की तीच अडचण समजणे ही सर्रास होणारी गफलत आहे.

या विषयाची सुरुवातही अडचण कुठे आहे याच प्रश्नातून झाली. १९५५ मध्ये अमेरिकेत रँड संस्थेसाठी हॅरिस आणि रॉस यांनी सोव्हिएत संघातून पूर्व युरोपात जाणाऱ्या रेल्वेचे ४४ नोड आणि १०५ कडांचे जाळे मांडले. त्यांना रस माल नेण्यात नव्हता, तोडण्यात होता. १,६३,००० टनांचा प्रवाह आणि तेवढ्याच क्षमतेचा कट त्यांनी नोंदवला. अहवाल १९९९ पर्यंत गोपनीय होता.

संगणकाला विचारणे

नोड दहाच्या वर गेले की हात आवरा. पायथनमध्ये `networkx` असेल तर एवढे पुरते:

```python
import networkx as nx
G = nx.DiGraph()
for u, v, c in [("उ","अ",10), ("उ","ब",8), ("अ","क",4),
                ("अ","ड",8), ("ब","ड",6), ("ड","क",3),
                ("क","ब",2), ("क","श",9), ("ड","श",7)]:
    G.add_edge(u, v, capacity=c)
value, flow = nx.maximum_flow(G, "उ", "श")
cut_value, (S, T) = nx.minimum_cut(G, "उ", "श")
```

`flow` मधले वाटप तुमच्या कागदाशी जुळले नाही तर घाबरू नका. अ कडून ८ आणि ब कडून ६ पाठवूनही १४ होतात. कमाल प्रवाह एक असला तरी वाटपे अनेक असू शकतात. `S` मात्र इथे उ, अ, ब, ड असाच यायला हवा, कारण १४ चा कट एकच आहे. एखाद्या कडेला `capacity` द्यायची राहिली, तर हे ग्रंथालय तक्रार करत नाही, तिची क्षमता अनंत धरते. अशी कडा किमान कटात कधीच येत नाही आणि आकडा गुपचूप फुगू शकतो. म्हणून `S` मधून `T` मध्ये जाणाऱ्या कडांची बेरीज मूळ कागदावरच्या क्षमतांनी एकदा हाताने करा.