चिमणीवरचा आकडा आणि पाइपाची वाट: सोलापुरातली दोन स्वयंपाकघरं

सोलापुरात चिमणी म्हटलं की जुन्या माणसांना गिरणीची आठवते, अलीकडच्यांना २०२३ साली पाडलेली साखर कारखान्याची. मी किचन ट्रॉलीची कामं करतो, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर ओट्यावरचीच येते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "बाराशेची घेऊ की पंधराशेची?" मी उलट विचारतो, "पाइप कुठून बाहेर काढणार?" त्यावर बहुतेक जण गप्प होतात.

खोक्यावरचा १२०० किंवा १५०० हा आकडा म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर हवा ओढतं ते. पण तो मोटरची ताकद दाखवणारा आकडा आहे. फिल्टर, पाइप, वळणं आणि बाहेरची जाळी यांतून जाताना हवा अडते आणि प्रत्यक्षातली ओढ बरीच कमी होते. माझा अंदाज नेहमी निम्म्याचा असतो. पाइप लांब आणि वाकडातिकडा असेल तर त्याहूनही कमी.

जुळे सोलापुरातल्या एका रो-हाऊसचं उदाहरण घेऊ. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट, उंची १० फूट, म्हणजे ८०० घनफूट. त्याला ३५ ने भागलं की साधारण २३ घनमीटर. साध्या स्वयंपाकाला तासाला १२ वेळा हवा बदलली तर पुरते, म्हणजे २७६. पण वहिनींकडे आठवड्यातून दोनदा शेंगा भाजल्या जातात, काळा मसाला घरीच होतो आणि फोडणीत सुकी मिरची पडली की शेजारी खोकतात. अशा घरात मी १२ ऐवजी २० वेळा धरतो. ते झाले ४६०. निम्म्याच्या हिशेबाने खोक्यावर ९०० ते १००० असलं तरी काम भागतं. दुकानदार पंधराशेची दाखवत होता. ती घेतली असती तरी बिघडलं नसतं, फक्त पूर्ण वेगावर आवाज इतका व्हायचा की चालू ठेवायची इच्छाच उरली नसती. हेच स्वयंपाकघर हॉलला उघडं असतं आणि दोन्ही मिळून १० बाय २० झालं असतं, तर २००० घनफुटांना ५७ घनमीटर आणि साध्या १२ वेळांनाही ६८४ लागले असते. तिथे मात्र मी पंधराशेच्या खाली गेलो नसतो.

या घरातली जमेची बाजू वेगळीच होती. शेगडीच्या मागची भिंतच बाहेरची होती. सहा इंची पाइप चार फूट, वळण एकच. डक्टवाली चिमणी बसवायला याहून सोपी जागा नसते. चिमणीचं तोंड शेगडीपासून २६ इंचांवर ठेवलं. खाली आणली तर मोठ्या पातेल्याला अडते, वर नेली तर धूर वाटेतच फुटतो.

इथेच माझी एक जुनी चूक सांगतो. एका घरात भिंतीला आधीचं चार इंची भोक होतं. कोअर कटिंगचा खर्च वाचावा म्हणून मी मशीनच्या सहा इंची तोंडाला रिड्यूसर लावून चार इंची पाइप काढला. चार इंची पाइपाचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. महिन्याभरात फोन आला: "दादा, आवाज विमानासारखा आणि धूर मात्र घरातच." मशीन नवीन होतं आणि मोटर ठीक होती. भोक मोठं केलं आणि तक्रार थांबली. तेव्हापासून सहा इंच म्हणजे सहा इंचच. नागमोडी अॅल्युमिनियम पाइप वापरला तर तो ताणून सरळ बसवायचा. गोळा झालेल्या पाइपात तेलही साचतं आणि हवाही अडकते.

आता दुसरं घर. गावठाणाच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. शेगडी आतल्या भिंतीला, बाहेरची भिंत चौदा फुटांवर, वाटेत तुळई आणि तीन वळणं. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नव्हता. काकूंना कुणीतरी डक्टलेस सुचवली होती. पाइप नको, तोडफोड नको.

डक्टलेसमध्ये हवा आधी तेलाच्या फिल्टरमधून, मग कोळशाच्या फिल्टरमधून जाते आणि पुन्हा स्वयंपाकघरातच येते. तेलकटपणा आणि वास बऱ्यापैकी कमी होतो. उष्णता आणि वाफ मात्र घरातच राहतात. एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड लिटर पाण्याएवढी वाफ तयार होते. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घरात नुसत्या गॅसमुळे वीस-बावीस लिटर पाणी हवेत जातं. भात-आमटीची वाफ वेगळीच. डक्टलेस हे सगळं तुमच्याच अंगावर परत सोडते. मे महिन्यात सोलापुरात ओट्यापाशी उभं राहिलेल्याला हे निराळं सांगायला नको. डक्टवालीही शेगडीची सगळी उष्णता नेत नाही, तापलेल्या तव्याची धग राहतेच, पण गरम हवा तरी बाहेर जाते.

कोळशाचा फिल्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलावा लागतो. तो धुता येत नाही. आपल्याकडच्या फोडण्या-भाजण्यांना मी तीनच महिने धरतो. बदलायची वेळ झाली हे ओळखायला सोपं असतं: कालच्या माशाचा वास सकाळी चिमणी चालू केली की पुन्हा येतो.

काकूंना मी चिमणी विकलीच नाही. खिडकीच्या वरच्या तावदानात नऊ इंची एक्झॉस्ट पंखा बसवून दिला. तेल तो अडवत नाही, पाती पंधरवड्याला पुसावी लागतात, पण वाफ आणि मिरचीचा ठसका बाहेर जातो. खिडकीच नसती आणि स्वयंपाक चहा-पोळीपुरता असता, तर डक्टलेसला माझी हरकत नव्हती. घर स्वतःचं होणार असेल तर काही मॉडेल आज कोळशाचा फिल्टर लावून आणि पुढे पाइप जोडून अशी दोन्ही तऱ्हांनी चालतात. तसं घ्यावं.

भाकरीवाल्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. एका घरातला फिल्टर काढला तर पत्र्यावर करडा थर होता, कापडाला लावतात त्या खळीसारखा. ज्वारीचं पीठ थापताना उडतं, तेलकट पत्र्यावर बसतं आणि वाळून घट्ट होतं. ऑटो-क्लीनचं बटण तेल वितळवतं, हा थर त्याच्याने निघत नाही. त्यामुळे रोज भाकऱ्या होणाऱ्या घरात मी काढून धुता येणारा, पत्र्याच्या वळवलेल्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टरच सुचवतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, पंधरा दिवसांतून एकदा.

बसवून झाल्यावर मी शेगडीच्या पुढच्या कडेला उदबत्ती धरतो. धूर सरळ आत वळला पाहिजे. जुळे सोलापुरातल्या घरात तो आधी नुसता इकडेतिकडे भरकटत होता. वर पाहिलं तर छताचा पंखा फुल्ल. पंखा बंद केला, शेगडीसमोरचं दार चार बोटं उघडलं आणि धूर गुमान आत गेला. बंद खोलीतून चिमणी हवा ओढणार तरी कुठून?

"म्हणजे उन्हाळ्यात पंखा नाही लावायचा?" वहिनींनी विचारलं.

"फोडणीच्या वेळेपुरता नाही," मी म्हणालो. त्यांना ते फारसं पटलं नाही.