एटीची नक्षी, एचटीचा सांगाडा: टायर पालथा करून पाहिला नाही, त्याची किंमत

बिलावर 'एटी टायर, ४ नग' असं ठसठशीत लिहिलेलं आहे. एटी म्हणजे ऑल-टेरेन, खराब रस्त्यासाठीचा टायर; एचटी म्हणजे हायवे-टेरेन, डांबरी रस्त्याचा. गाडीला बसले ते मात्र एचटीच्या सांगाड्यावर एटीची नक्षी चढवलेले टायर. पैसे मोजले एचटीच्या बरोब्बर सव्वापट, म्हणजे त्याच पैशात एचटीचे पाच आले असते, स्टेपनीसकट. पहिला टायर ४,१०० किलोमीटरवर बाजूने फाटला. दुसऱ्याला ५,६०० वर फुगा आला. परत मिळाले शून्य. लाज वाटत होती म्हणून इतके दिवस गप्प बसलो, पण तोच माल त्याच बोलीवर अजून विकला जातोय, तेव्हा लिहितोच.

दुकानातलं नाटक सांगत बसत नाही. 'शेवटचा सेट आहे', 'उद्या दर बदलणार', 'खराब रस्त्याला एचटी? छे!' हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मीही ऐकलेलं होतं. तरी फसलो, कारण माझं सगळं लक्ष नक्षीवर होतं. नक्षी खरोखरच दणकट दिसत होती: मोठे ठोकळे, रुंद फटी, खांद्यावर उतरलेले दात. एचटीला लांबलचक उभ्या खाचा असतात आणि खांदा जवळपास बंद असतो. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की फरक लहान मुलालाही कळेल, आणि विकणाऱ्याला हेच हवं असतं.

आता मुद्द्याचं. खडकाळ, खचलेल्या गावरस्त्यावर टायर तळातून क्वचित मरतो. तो मरतो बगलेतून. तळाच्या रबराखाली पोलादी पट्टे असतात, त्यामुळे खिळा घुसला तरी पंक्चर काढून गाडी पुढे जाते. पण ते पट्टे खांद्यापाशी संपतात. खांद्यापासून रिमपर्यंतच्या भागात काही मिलिमीटर रबर आणि त्याच्या आत पॉलिएस्टर दोऱ्यांचे थर, एवढंच असतं. चाकोरीच्या कडेला उभा असलेला धारदार दगड नेमका तिथेच घासतो. तेव्हा खराब रस्त्यासाठी एटी घ्यायचा तो या बगलेसाठी: दोऱ्यांचे दोन थर, जाड रबर, आणि बाहेर आलेले असे दात की दगड आधी त्यांना लागावा. माझ्या टायरच्या बगलेवरचे दात जेमतेम एक मिलिमीटर वर आलेले होते. शोभेचे.

हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. टायरच्या बगलेवर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं: तळात पॉलिएस्टर किती, स्टील किती, नायलॉन किती, आणि त्याच्याच पुढे साइडवॉलमध्ये पॉलिएस्टर किती. तो शेवटचा आकडा वाचायचा. माझ्या टायरवर तिथे १ आहे. विकताना सांगितलं होतं 'दहा प्लाय'. दहा प्लाय हे ताकदीचं जुनं मानांकन आहे, सुती दोऱ्यांच्या काळातलं. त्याचा अर्थ टायरात दहा थर आहेत असा कधीच नसतो. आणि माझ्या टायरवर तेही मानांकन नव्हतं, नुसतं तोंडाने सांगितलेलं होतं.

फाटलेला टायर उतरवल्यावर चीर मोजली. ३२ मिलिमीटर, रिमपासून दोन बोटं वर. बॅटरीच्या उजेडात चिरेचे ओठ फाकवून पाहिले. पांढरट बारीक दोरे, सगळे एकाच दिशेने, एका रिमेकडून दुसऱ्या रिमेकडे जाणारे. त्यांच्या मागे दुसरा थर नाही, थेट आतलं हवा धरणारं पातळ रबर. नक्षीची खोली मोजली ती ७.५ मिलिमीटर. एवढ्या अंतरात फार तर अर्धा मिलिमीटर झिजला असेल, म्हणजे नवा असताना आठच्या आसपास. एचटी नवा असताना साधारण आठच असतो. एसयूव्हीचा खरा एटी दहा ते बारा मिलिमीटरचा असतो. खोली मोजायची काडी खिशात मावते. ती दुकानात नेली असती तर हे लिहावं लागलं नसतं.

आणि आता तो क्षण, जो अजून झोपेत आठवतो. चारही टायर जमिनीवर आडवे ठेवले होते, चकचकीत काळं पॉलिश मारलेले. टायर कधी बनला ते सांगणारा डीओटीचा कोड शोधला. वरच्या बाजूला तो अर्धवटच होता, शेवटचे चार अंक नव्हते. विचारलं तर उत्तर आलं, 'पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, तो खालच्या बाजूला आहे.' यात खोटं काहीच नाही! पूर्ण कोड एका बाजूला असला तरी चालतो. फक्त चारही टायर नेमके त्याच बाजूवर पालथे का पडले होते, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. एक टायर उलटा करायचा होता, दहा सेकंदांचं काम. त्याऐवजी मान डोलावली. टायर बसवतानाही ती बाजू आत गेली. चाक उतरल्यावर दिसला तो कोड १८२०: २०२० सालचा अठरावा आठवडा. विकत घेतले २०२४ मध्ये. चार वर्षं पडून राहिलेला माल 'ताजा' म्हणून. रबराचे बारीक केस अजून शाबूत होते, ते पाहून नवा वाटला होता. केस फक्त टायर चाललेला नाही एवढंच सांगतात. वय सांगत नाहीत.

'एवढं तरी बघायचं ना' असं म्हणणाऱ्यांना सांगतो: साइज मी बघितली होती. २३५/६५ आर १७, कंपनीने दिलेली तीच. त्यापुढचे आकडे मात्र सोडले. गाडीचा मूळ टायर १०८ एच, एक्सएल, म्हणजे जास्त हवेवर जास्त भार पेलणारा. हा निघाला १०४ टी. टी म्हणजे ताशी १९०, त्या रस्त्यांवर त्याचं काही बिघडत नाही. पण १०८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १,००० किलो आणि १०४ म्हणजे ९००. शिवाय एक्सएल नसलेला टायर आपला पूर्ण भार ३६ पीएसआयवर गाठतो. त्यावर हवा वाढवली तरी भार पेलण्याची क्षमता वाढत नाही. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागे ४० लिहिलेलं आहे, ते एक्सएल धरूनच. म्हणजे नियमाप्रमाणे हवा भरूनही टायर कमीच पडत होता. मूळच्यापेक्षा कमी भारांक कधीही घेऊ नका, नक्षी कितीही आवडली तरी.

दुसऱ्या टायरचा फुगा खड्ड्याच्या काठाने आला. काठ आणि रिम यांच्यात बगल चिमटली की आतले दोरे तुटतात आणि तिथली हवा रबराला बाहेर ढकलते. एकच थर असेल तर मागे आधार उरत नाही. (बगलेवर आत गेलेली बारीक उभी रेघ दिसली तर घाबरू नका, तो थराचा जोड असतो. बाहेर आलेला फुगा दिसला की मात्र गाडी तिथेच थांबवून स्टेपनी लावा.) बगलेतली चीर आणि फुगा, दोन्हींची दुरुस्ती होत नाही. आतून ठिगळ लावून देणारा भेटला तर तोही फसवतोय.

आता न्यायाची कहाणी. दुकानदार म्हणाला, 'गाडी जोरात चालवली असेल.' कंपनीचा तपासनीस तीन आठवड्यांनी आला, चार मिनिटं टायर पाहिला आणि लिहून गेला: बाहेरून झालेला आघात, उत्पादनदोष नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. दोष टायर बनवण्यात नव्हता, विकण्यात होता, आणि विकण्याशी कंपनीचा संबंध नाही असं कंपनी म्हणते. बिलावर टायरचे अनुक्रमांक नव्हते, म्हणून वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजली, म्हणजे तिच्यातली चार वर्षं मी टायर घेण्याआधीच उलटलेली. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर विचारलं, 'हा एटी नाही हे सिद्ध करा.' ते कसं करणार? एटी हे कंपनीने दिलेलं नाव आहे. ते छापण्यासाठी कुठली चाचणी पास व्हावी लागत नाही, आणि एका थराच्या बगलेवर ते छापायलाही बंदी नाही. चिखल आणि बर्फासाठीच्या एम+एस खुणेचंही तेच. ती नक्षीच्या आकारावरून लावतात, बगलेच्या ताकदीशी तिचा काही संबंध नाही. वाहन तपासणीच्या कार्यालयात भारांक दाखवला, तर तिथल्या साहेबांनी साइज वाचली आणि 'बरोबर आहे की' म्हणून कागद परत दिला. पुढचे तीन अंक वाचायची त्यांना गरज वाटली नाही. पोलिसांनी सांगितलं, हा व्यवहाराचा वाद आहे. प्रत्येकाने पुढचं टेबल दाखवलं आणि शेवटच्या टेबलाने पहिलं. नऊ फेऱ्या.

यातून एक उलटी गोष्टही कळली, ती विकणारा कधीच सांगणार नाही. रोजच्या धावण्यातलं बहुतेक अंतर डांबरावर असेल आणि कच्चा रस्ता घट्ट मुरुमाचा असेल, तर दोन थरांच्या बगलेचा, एक्सएल एचटी जास्त शहाणपणाचा. ओल्या डांबरावर तो सहसा लवकर थांबतो, आवाज कमी करतो, इंधन कमी खातो. एटी घ्यायचा तो उघडे धारदार दगड, सुटी खडी आणि उतारावरची ओली माती रोजची असेल तेव्हा. चाक बुडेल इतक्या चिखलात एटीचीही नक्षी भरून गुळगुळीत होते. त्या चिखलासाठी एटी विकणारा तुम्हाला अर्धंच सांगतोय.

हवेबद्दल कोणी 'दगडांत हवा कमी करा' असा सल्ला देईल. वाळूत किंवा मऊ मातीत ठीक. पण हवा कमी केली की बगल बाहेर फुगते आणि दगडाला जास्त सामोरी जाते. एका थराच्या टायरवर हे करू नका, आणि दोन थरांच्या टायरवर केलं तरी डांबर लागताच परत भरा.

बिलावर चारही टायरचे पूर्ण कोड आणि भारांक लिहून घ्या. लिहायला कोणी कुरकुर केली तर टायर बसवायच्या आधी निघा, कारण रिमवर चढलेला टायर कोणी परत घेत नाही.

माझे उरलेले दोन टायर दुकानदार परत घ्यायला तयार आहे. 'एटी, कमी वापरलेले' म्हणून पुढे विकणार, असं त्यानेच सांगितलं. दिले नाहीत. बगलेला भोकं पाडून भंगारात घातले.