३५० फॅरनहाइट: सूत्र की निम्मं?

अमेरिकन रेसिपीत ३५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं आणि आपल्या ओटीजीवर सेल्सिअस. सूत्राने ३५० मधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा: १७७ येतात. दुसरा मार्ग म्हणजे सरळ निम्मं करा: १७५. केकसाठी मी निम्मंच करते, कारण साध्या ओटीजीचं बटण दोन अंश अचूक फिरतच नाही. आतलं तापमानही थर्मोस्टॅट चालू-बंद होताना वरखाली होत राहतं.

३०० ते ४०० फॅरनहाइटपर्यंत निम्म्याने फार तर चार अंश चुकतात. पण पिझ्झाच्या ४५० ला निम्मं २२५, खरं २३२. मेरँगच्या २०० ला निम्मं १००, खरं ९३. तिथे पांढरा रंग पिवळट व्हायला तेवढं पुरतं. अशा दोन टोकांना सूत्रच वापरावं.

केकला वरची-खालची दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या जाळीवर. वरून करपून फुटला आणि आत कच्चा राहिला, तर बहुधा ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतोय. ओव्हन थर्मामीटर आत ठेवून वीस मिनिटांनी बघा. बटण १७५ वर असताना तो १९० दाखवत असेल, तर बटण १६० वर आणा.